पोर्टफोलिओ तपासताना नेमकं काय शोधायचं: खानापूरच्या माठाच्या एका प्रोजेक्टवरून

डिझाइन कॉलेजात नव्यानं शिकवायला लागलेल्या माणसापुढे सत्राच्या शेवटी तीस-चाळीस पोर्टफोलिओंचा ढीग येऊन पडतो. सोबत एक कागद असतो, त्यावर चार शब्द आणि प्रत्येकापुढे मार्क: प्रक्रिया, सुधारणा, चिंतन, अंतिम काम. पण प्रक्रियेला पंचवीसपैकी वीस द्यायचे म्हणजे पानावर काय दिसलं पाहिजे, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. मग नवा मास्तर जे दिसतं त्याला मार्क देतो, आणि दिसतं ते शेवटचं देखणं पान. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. ज्या मुलीला सगळ्यात जास्त मार्क दिले, तिची स्केचेस काम संपल्यावर दोन रात्री बसून काढलेली होती, हे मला पुढच्या सत्रात तिच्याच मैत्रिणीकडून कळलं. त्यात मी त्या मुलीला दोष देत नाही. मी तिच्याकडे कच्चं काम मागितलं होतं, कच्चं काम म्हणजे काय हे सांगितलं नव्हतं.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात डिझाइन शिकवायला लागलेल्यांसाठी आहे. विद्यार्थ्यांनी वाचला तरी चालेल, कारण निकष त्यांच्यापासून लपवायचे नसतातच. सगळे निकष एकदम सांगत बसण्यापेक्षा एकच पोर्टफोलिओ हातात घेऊन तो सुरुवातीपासून मार्कांपर्यंत कसा तपासला ते सांगते. विषय होता माठ. खानापूर मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, आणि उन्हाळा तोंडावर आला की तिथून माठ घेऊन बेळगावच्या बसमध्ये चढणारी माणसं दिसतात. पोटाशी धरलेला माठ, दुसऱ्या हातात पिशवी, आणि बसायला जागा नाही. प्रोजेक्टचं वाक्य एवढंच होतं: एका माणसाला एक माठ बसनं घरी सुखरूप नेता येईल असं काहीतरी करा. सहा आठवडे.

पहिल्या दिवशीच निकषपत्रक हातात द्या

मार्कांची वाटणी मी अशी केली होती: प्रक्रियेच्या पुराव्याला 25, सुधारणेला 30, चिंतनाला 15 आणि अंतिम कामाला 30. सुधारणेला अंतिम कामाइतकेच मार्क आहेत ते जाणूनबुजून. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाचं शेवटचं मॉडेल कच्चं असणारच. त्यानं स्वतःची चूक शोधून ती दुरुस्त केली का, हे मात्र त्या वयातही पक्कं पाहता येतं. शेवटच्या वर्षाला मी हीच वाटणी ठेवत नाही, तिथं अंतिम कामाचं वजन वाढवते.

वाटणीपेक्षा महत्त्वाचा आहे प्रत्येक ओळीपुढचा मजकूर. 'उत्तम', 'चांगले', 'समाधानकारक' असे शब्द लिहिले तर काहीच लिहिलं नाही असं समजा. दोन शिक्षकांचं 'चांगले' कधीच एक नसतं. त्याऐवजी पानावर काय सापडलं पाहिजे ते लिहा. सुधारणेच्या ओळीत मी चार पायऱ्या लिहिल्या होत्या. बदल फक्त दिसण्यातला आहे किंवा बदलच नाही, तर 8 पर्यंत. बदल खरा आहे पण तो का केला याचं कारण 'मॅडमनी सांगितलं' एवढंच आहे, तर 9 ते 16. बदलाचं कारण विद्यार्थ्यानं स्वतः पाहून, मोजून किंवा कुणाला विचारून शोधलं आहे आणि बदल नेमका त्याच कारणावर आहे, तर 17 ते 24. आणि बदल केल्यावर तो खरंच उपयोगी पडला का हे परत तपासलं आहे, तर 25 ते 30.

या चार वाक्यांत 'उत्तम', 'चांगले' अशा जातीचं एकही विशेषण नाही हे बघा. सहा आठवडे मुलांच्या भिंतीवर हा कागद चिकटवलेला असतो. 'परत तपासलं' हे शब्द रोज डोळ्यापुढं असले की निम्मी मुलं खरोखरच परत तपासतात.

पुरावा कोणता, आणि तो कधी गोळा करायचा

शेवटच्या आठवड्यात पुरावा मागितला की पुरावा तयार केला जातो. म्हणून तो दर आठवड्याला जमा झाला पाहिजे. माझी पद्धत साधी आहे. प्रत्येकाची एकच शिवलेली वही, सुटे कागद नाहीत. पान फाडायचं नाही, चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची. दर शनिवारी मी वर्गात फिरते आणि प्रत्येकाच्या त्या आठवड्यातल्या शेवटच्या पानावर तारीख टाकून सही करते. मजकूर वाचत नाही, मार्क देत नाही, नुसती सही. चाळीस मुलांना वीस मिनिटं लागतात. या सहीमुळे पान कोणत्या आठवड्यातलं आहे हा वाद राहत नाही, आणि मागून काढलेलं स्केच दोन सह्यांच्या मध्ये घुसवता येत नाही.

मॉडेलचं काय? फुटलेलं, वाकलेलं, फसलेलं मॉडेल टाकून द्यायचं नाही. जागा नसेल तर निदान त्याचा तुटलेला भाग वहीच्या मागच्या खिशात ठेवायचा. फोटो मूळ फोनमधूनच घ्यावा. इथं एक बारीक गोष्ट नव्या शिक्षकाला माहीत नसते. फोटो व्हॉट्सॲपवरून आला की तो कधी काढला ही फाइलमधली माहिती सहसा गळून पडते. `IMG-20250222-WA0007.jpg` असं नाव दिसलं तर त्यातली तारीख फोटो पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते, काढल्याची नव्हे. त्यामुळे या नावावरून कुणाला खोटं ठरवू नका आणि खरंही धरू नका.

मागून रचलेली प्रक्रिया ओळखायची कशी? मला तीन खुणा उपयोगी पडल्या आहेत. सगळी स्केचेस एकाच पेनानं, एकाच दाबानं, सारख्या अंतरावर मांडलेली असतात. खरं काम असं नसतं, एका पानावर अकरा चित्रं दाटलेली असतात आणि पुढच्या पानावर एकच. दुसरी खूण अशी की पहिल्याच स्केचमध्ये शेवटच्या उत्तराचा एखादा तपशील असतो, जो चौथ्या आठवड्याशिवाय कळूच शकत नव्हता. तिसरी खूण म्हणजे एकही आडवाट नाही, सगळी स्केचेस सरळ उत्तराकडे जातात. एका खुणेवरून काही ठरवू नका, काही मुलांचं अक्षर आणि हात मुळातच नेटका असतो. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर तोंडी विचारा, त्याबद्दल पुढे सांगते.

तपासायचा क्रम: अंतिम काम झाकून ठेवा

शेवटचं मॉडेल आणि त्याचे मोठे फोटो आधी पाहिले की मागची सगळी पानं त्या उजेडात दिसायला लागतात. मॉडेल देखणं असेल तर स्केचेस विचारपूर्वक वाटतात, बेंगरूळ असेल तर तीच स्केचेस गोंधळलेली वाटतात. म्हणून मी मॉडेलं वेगळ्या खोलीत ठेवायला सांगते आणि आधी फक्त वह्या तपासते. प्रक्रिया, सुधारणा, चिंतन या तिन्हींचे मार्क पेननं लिहून झाले की मगच मॉडेलांच्या खोलीत जायचं. नंतर ते तीन आकडे बदलायचे नाहीत.

आता ती वही. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून आलेला मुलगा, दुसरं वर्ष. पहिल्या आठवड्याच्या पानांवर पाच कल्पना होत्या: पुठ्ठ्याचा खोका, काथ्याची जाळी, पाठीला बांधायची झोळी, बांबूची टोपली, आणि चुंबळ घालून वर पट्टा.

प्रक्रियेचे मार्क देताना नवे लोक चित्रं मोजतात. चित्रं मोजू नका, वेगळेपण मोजा. वेगवेगळ्या झाकणांचे सहा खोके म्हणजे एकच कल्पना. मी स्वतःला विचारते, हे हातात घेतल्यावर माणूस माठ वेगळ्या तऱ्हेनं उचलेल का? या मुलाच्या पाच कल्पनांत माठ पाच तऱ्हांनी उचलला जातो. खोक्यात तो हँडलला लटकतो, झोळीत पाठीवर येतो, टोपलीत कमरेवर बसतो. म्हणजे पाच कल्पना खऱ्या. त्यातल्या दोन त्यानं प्रत्यक्ष करून पाहिल्या. कुंभाराच्या घरी जाऊन तिथं माठ कसे रचतात, गोल तळ असल्यामुळे ते खाली ठेवताना कशाचा टेकू देतात, याची दोन पानं होती. एकच उणीव राहिली. झोळी आणि बांबूची टोपली का सोडली याचं कारण कुठंच नव्हतं, पान उलटलं की ती नाहीशी झालेली. 25 पैकी 19.

सुधारणा: जोड्या लावून वाचा

सुधारणा तपासताना वही सलग वाचू नका. मॉडेल एक आणि दोन, दोन आणि तीन, तीन आणि चार अशा जोड्या लावा, आणि प्रत्येक जोडीला तीनच प्रश्न विचारा. काय बदललं? ते बदलायला हवं हे याला कशावरून कळलं? बदलल्यावर काय झालं? तिन्हींची उत्तरं पानावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत. तुम्हाला मनानं भरावी लागली तर मार्क नाहीत.

पहिलं मॉडेल फाइव्ह-प्लाय पुठ्ठ्याचा खोका, आत माठ, भोवती चुरगळलेली वर्तमानपत्रं. दोन माठ घालून पाहिले, भिंती वाकल्या. त्यानं कापताना पुठ्ठ्यातल्या नाल्या आडव्या ठेवल्या होत्या. खोक्याच्या भिंतीत नाल्या उभ्या ठेवल्या की वरून येणारा भार त्या खांबासारख्या पेलतात, आडव्या ठेवल्या की भिंत नालीच्या रेषेवरच दुमडते. हे त्यानं वहीत वाकलेल्या भिंतीचा तुकडा चिकटवून दाखवलं होतं, शेजारी बाणानं नालीची दिशा.

दुसरं मॉडेल: नाल्या उभ्या, हँडल मऊ, बाहेर माठाचं छान चित्र, कडा नीट. पान सगळ्यात सुंदर हेच. पण जोडी लावून पाहा. भिंतीचा प्रश्न सुटला. हँडल आणि चित्र मात्र कुणी मागितलं नव्हतं, त्यांच्या मागे कुठलंही निरीक्षण नव्हतं. या जोडीत एक खरा बदल आणि दोन दिखाऊ. नव्या परीक्षकाचे हात इथंच सैल सुटतात, कारण दिखाऊ बदल डोळ्याला आधी दिसतो.

तिसऱ्या मॉडेलच्या आधी चार पानं होती आणि ती वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मुलगा दुसरं मॉडेल घेऊन खानापूरहून बेळगावच्या बसमध्ये बसला. निघताना त्यानं माठावर खडूनं उभी रेघ मारली आणि त्याच रेषेत खोक्याच्या कडेवर दुसरी. फोटो काढला. बेळगाव स्टँडला उतरून झाकण उघडून परत फोटो काढला. माठ फुटला नव्हता, पण माठावरची रेघ जवळजवळ पाव फेरा सरकली होती आणि वर्तमानपत्रांचा लगदा एका बाजूला दाबून बसला होता. खाली लिहिलं होतं: 'माठ आपटत नाही, गडगडतो. ब्रेक मारला की कागद दबतो आणि मग माठ थेट भिंतीला लागतो. कागद कितीही घातला तरी दबणारच.'

एका खडूच्या रेघेनं प्रोजेक्टचा प्रश्न बदलला. तोवर सगळा वर्ग माठाला धक्क्यापासून वाचवायच्या मागे होता. या मुलाला कळलं की गोल तळ धरून ठेवला पाहिजे, धक्का आपोआप कमी होईल. तिसऱ्या मॉडेलमध्ये खोकाच नव्हता. खाली काथ्याची जाड चुंबळ, डोक्यावर घागर घेताना बायका घालतात तशी, फक्त मोठी. गळ्याशी पुठ्ठ्याची कॉलर, आणि चुंबळ ते कॉलर सहा दोऱ्या. परत तीच बस, परत खडूची रेघ. या वेळी रेघ दोन बोटं सरकली. हाच तो 'परत तपासलं' चा पुरावा, आणि तपासायची रीत दोन्ही वेळा एकच होती म्हणून तुलना करता येते. पहिल्यांदा बस आणि दुसऱ्यांदा काकांची गाडी असती तर मी ही जोडी निम्मीच धरली असती.

चौथ्या मॉडेलचं कारण माठ विकणाऱ्या बाईंनी दिलं. त्यानं त्यांना बांधायला शिकवलं आणि फोनवर वेळ लावली. एका माठाला चार मिनिटं. बाई म्हणाल्या, 'बाजाराच्या दिवशी एवढं बांधत बसलो तर विकू कधी, पोरा?' हे वाक्य वहीत जसंच्या तसं होतं. मग त्यानं दोऱ्या सहावरून तीनवर आणल्या, गाठींऐवजी कॉलरला खाचा पाडल्या, आणि वेळ दीड मिनिटावर आली. कारण बाहेरून आलं, मोजलेलं होतं, बदल नेमका त्यावर होता. पण तीन दोऱ्यांवर माठ बसमध्ये किती फिरतो हे त्यानं पाहिलंच नाही. सहाच्या तीन केल्या की पकड बदलणारच. सहावा आठवडा संपला होता, मला ते दिसत होतं, तरी पुरावा नाही म्हणजे नाही.

मग मार्क किती? पहिली जोडी मधली, दुसरी सगळ्यात वरच्या पायरीची, तिसरी तिसऱ्या पायरीची. मी सरासरी काढत नाही. मुलगा भरवशानं कोणत्या पायरीवर उभा आहे ते पाहते. तिसऱ्या पायरीवर तो पक्का होता, वरच्या पायरीवर एकदाच चढला. 24 लिहिले.

चिंतन: भाषेचे मार्क कापू नका

इथं आपल्या भागाची एक गोष्ट आहे, तिच्यामुळे दरवर्षी चांगल्या मुलांचं नुकसान होतं. वर्गात मराठी शाळेतून आलेली मुलं असतात, कन्नड शाळेतून आलेली असतात, थोडी इंग्रजी शाळेतली. रिफ्लेक्शन मात्र सगळ्यांना इंग्रजीत लिहायला सांगितलं जातं. मग सगळ्यांची टिपणं सारखी होतात: या प्रोजेक्टमधून खूप शिकायला मिळालं, टीमवर्क कळलं, वेळेचं नियोजन सुधारलं. ही ठरीव वाक्यं पाठ केलेली असतात, कारण स्वतःची वाक्यं त्या भाषेत अजून येत नसतात.

या मुलाचं पहिलं टिपण असंच होतं, इंग्रजीत, आठ ओळी. माठाचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी त्याला परत बोलावलं आणि म्हटलं, मला मराठीत सांग. तो म्हणाला, 'मॅडम, मला वाटत होतं माठ नाजूक आहे म्हणून फुटतो. पण नाजूक आहे म्हणून नाही की, गोल आहे म्हणून.' मी म्हटलं, हेच लिही. पंधरा मिनिटांनी त्यानं हे आणून दिलं:

'माझा पहिला खोका मजबूत होता, पण मी चुकीच्या गोष्टीशी भांडत होतो. बसमध्ये माठ फिरताना दिसला तेव्हा मजबूत करायचं सोडलं आणि तळ धरायला लागलो. चुंबळ मी आजीच्या डोक्यावर रोज बघत होतो, तरी पहिल्या आठवड्यात ती सगळ्यात शेवटी काढली, कारण ती जुनी वाटली. पुढच्या वेळी आधी प्रवास करीन, मग पुठ्ठा कापीन. तीन दोऱ्यांचं मॉडेल अजून बसमध्ये नेलेलं नाही, ते पुरेसं आहे असं मी म्हणू शकत नाही.'

चिंतनाच्या ओळीत मी तीनच गोष्टी शोधते. आधी काय समजत होता आणि आता काय समजतो, हा फरक वहीतल्या एखाद्या पानाशी जोडता येतो का. स्वतःची एखादी निवड का झाली हे तो ओळखतो का. आणि पुढचं पाऊल इतकं नेमकं आहे का की ते त्यानं केलं की नाही हे कुणीही पाहू शकेल. 'जास्त रिसर्च करीन' हे पाहता येत नाही, 'आधी प्रवास करीन' हे पाहता येतं. या टिपणात तिन्ही आहेत, आणि स्वतःच्या कामातली उणीव त्यानं माझ्याआधी लिहिली. 15 पैकी 13.

विद्यार्थ्याला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेत टिपण लिहू द्या. कन्नडमध्ये लिहिलेलं तुम्हाला वाचता येत नसेल तर सहकाऱ्याकडून वाचून घ्या, किंवा मुलाला बोलायला सांगा आणि मुद्दे तुम्ही टिपा. इंग्रजी शिकवायचं असेल तर त्याचा वेगळा तास आणि वेगळे मार्क ठेवा. विद्यापीठाकडे इंग्रजीच प्रत पाठवायची असेल तर मूळ टिपणावर मार्क देऊन मग भाषांतर करून घ्या.

सात मिनिटांची तोंडी

वही तपासून झाली की ज्युरीच्या दिवशी प्रत्येकाला सात मिनिटं. सादरीकरण नको, ते पाठ केलेलं असतं. वही उघडून तीन प्रश्न. या वहीतलं कोणतं पान काढून टाकलं तर तुझं उत्तर बदललं असतं? तू टाकून दिलेली एक कल्पना दाखव आणि का टाकलीस ते सांग. हे मॉडेल कुठं मोडेल?

ज्यानं काम केलंय तो पहिल्या प्रश्नाला लगेच पानं उलटायला लागतो, हात आधीच तिकडं जातो. ज्यानं मागून रचलंय तो शेवटचं पान उघडतो. झोळी आणि टोपली का सोडली हे आमच्या मुलानं इथं सांगितलं. झोळीचं कारण त्यानं घरी पाठीवर माठ बांधून पाहिलं होतं, बसायला गेलं की माठ सीटला लागतो. टोपली महाग पडत होती, कुंभाराच्या माठाच्या किमतीत ती बसत नव्हती. तोंडी सांगितलेलं मी वहीच्या त्या पानावर लिहून ठेवते, पण प्रक्रियेचे मार्क वाढवत नाही. वहीत लिहायचं होतं हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यावर माझे सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते एक-दोन मार्क द्यावेत. तुम्ही काहीही ठरवा, पण चाळीसही जणांना तोच नियम लावा.

दुसरा परीक्षक

सगळ्या वह्या दोघांनी तपासायला वेळ नसतो. पण निदान पाच वह्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासा, एकमेकांचे आकडे न पाहता, आणि हे बाकीच्या वह्या सुरू करायच्या आधी करा. माठाची वही त्या पाचांत होती. माझे सुधारणेला 24, सहकाऱ्याचे 15. नऊ मार्कांचा फरक. सोपी वाट म्हणजे बेरीज भागिले दोन, आणि हीच वाट चुकीची, कारण फरक का पडला हे कायमचं झाकलं जातं. आम्ही वही मध्ये ठेवली आणि मी विचारलं, कोणत्या पानावर तुम्हाला कमी वाटलं? त्यांनी तिसरं मॉडेल दाखवलं. दोऱ्या वेड्यावाकड्या, कॉलर हातानं कापलेली. म्हणजे ते सुधारणेच्या ओळीत फिनिशिंगचे मार्क कापत होते. फिनिशिंग अंतिम कामाच्या ओळीत आहे, तिथं त्याचे मार्क जाणारच होते, इथं दुसऱ्यांदा कापले गेले असते. आणि त्यांनी मला दाखवलं की चौथ्या मॉडेलची वेळ एकदाच मोजली होती, बाईंचा हात बसल्यावर वेळ आपोआप कमी झाली असेल, खाचांमुळेच झाली असं म्हणता येत नाही. ते बरोबर होतं, माझ्या नजरेतून सुटलं होतं. 23 वर दोघांचं जमलं. निकषपत्रकाच्या कडेला आम्ही एक ओळ वाढवली: मॉडेलचा नेटकेपणा फक्त अंतिम कामात.

मग मॉडेलांची खोली. चौथं मॉडेल पेलायला सोपं, करायला स्वस्त, पण कॉलरच्या खाचा दोनदा वापरल्यावर फाटत होत्या आणि दोऱ्यांची लांबी सारखी नव्हती. 30 पैकी 17. एकूण 72. शेजारच्या वहीतल्या मुलीचं अंतिम मॉडेल वर्गातलं सगळ्यात देखणं, 30 पैकी 27. पण तिच्या तिन्ही मॉडेलांत फक्त रंग आणि पट्ट्याचं कापड बदललं होतं: प्रक्रिया 12, सुधारणा 8, चिंतन 6. एकूण 53. निकालाच्या दिवशी ती माझ्याकडे आली, रागावलेली. आम्ही तिची वही उघडून जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला तेच तीन प्रश्न तिनं स्वतःच विचारले, आणि दुसऱ्या प्रश्नाला तिला पान सापडेना. निकषपत्रक पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होतं म्हणूनच हे बोलणं वादावर गेलं नाही.

मार्कांबरोबर काय लिहून द्यायचं

नुसता आकडा देऊ नका, आणि पानभर अभिप्रायही नको, तो कुणी वाचत नाही. तीन ओळी पुरेत: एक पान जे जमलं, एक पान जे राहिलं, आणि पुढच्या प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात करायचं एक काम. पान क्रमांकासह. माठाच्या मुलाला मी लिहिलं ते असं:

'पान 23, खडूची रेघ: इथून तुझा प्रश्न बदलला. पान 41, तीन दोऱ्या: बसमध्ये नेल्या नाहीत, आणि बांधायची वेळ एकदाच मोजलीस. पुढच्या प्रोजेक्टला पहिल्याच आठवड्यात प्रत्येक टाकलेल्या कल्पनेखाली ती का टाकली याची एक ओळ लिही, शनिवारी सही करताना मी तीच ओळ बघणार आहे.'